गाळ कोण काढणार, खर्च कोण करणार?

‘तलावातील ४,००० घनमीटर गाळ काढून पाणीसाठा वाढेल आणि तो शेतात पसरवला जाईल.’ हे वाक्य ग्रामसभेत वाचून दाखवलं तर कोणी हरकत घेणार नाही. तलाव सगळ्यांनी पाहिलेला असतो, गाळ कुठे टाकायचा हेही बोलून झालेलं असतं. पण हेच वाक्य निधीसाठी केलेल्या प्रस्तावाच्या सारांशात असेल आणि ते वाचणारा माणूस त्या गावात कधी गेलाच नसेल, तर त्याच्या हाती फक्त शब्द उरतात. शब्दांवर विसंबून वाचलं तर गाळ पाणीसाठ्याने काढायचा आहे आणि शेतात पसरायचा आहे तो पाणीसाठा. वाचणारा अर्थात इतका भाबडा नसतो. तो अंदाजाने अर्थ लावून पुढे जातो. मात्र पुढच्या वाक्यात त्याला पुन्हा अंदाज करावा लागतो, त्याच्या पुढच्यातही, आणि असे अंदाज करत तो पैशांच्या प्रश्नापाशी येतो तेव्हा त्याचा अंदाज लिहिणाऱ्याच्या मनातल्या गोष्टीशी जुळेलच असं नाही.

प्रस्तावाचा सारांश बहुतेक वेळा शेवटी लिहिला जातो. वीस-पंचवीस पानांचा मजकूर तयार असतो, त्याचं एक पान करायचं असतं. देणगीदार संस्था मर्यादा घालून देतात. अमेरिकेतली ‘एनआयएच’ ही आरोग्य संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था सारांशाला ३० ओळी देते. आपल्याकडे कंपन्यांचे सामाजिक निधी किंवा धर्मादाय न्यास कधी पाव पान, कधी २५० शब्द मागतात. मग कापाकापी सुरू होते. दोन वाक्यं जोडून एक करायची तर मराठीत सर्वांत सोयीचा प्रत्यय म्हणजे ‘-ऊन’. ‘संस्था गाळ काढेल. त्यामुळे पाणीसाठा वाढेल’ याचं ‘गाळ काढून पाणीसाठा वाढेल’ होतं, आणि या बचतीत ‘संस्था’ हा शब्द गळून जातो. तीनदा आलेलं ‘ग्रामपंचायत’ खटकतं म्हणून दोन ठिकाणी ‘ती’ केलं जातं. मूळ वीस पानांत जे धड होतं, ते सारांशात अधांतरी होतं ते या टप्प्यावर. म्हणून अंतिम कापाकापी झाल्यानंतर सारांश पुन्हा एकदा याच दोन गोष्टींसाठी वाचायला हवा: कर्ता हरवलेली क्रिया आणि पत्ता हरवलेलं सर्वनाम.

समजावून सांगण्यासाठी मी एक सारांश रचला आहे. गाव काल्पनिक आहे, पण असे प्रस्ताव महाराष्ट्रात सर्रास लिहिले जातात, आणि त्यातल्या चुकाही नेहमीच्याच आहेत.

‘१९७२ च्या दुष्काळात बांधलेल्या गावाच्या पाझर तलावात गाळ साचून त्याची क्षमता कमी झाली आहे. सर्वेक्षण करताना रब्बी हंगामात पडीक राहणाऱ्या महिला शेतकऱ्यांच्या जमिनी आढळल्या. तलावातील ४,००० घनमीटर गाळ काढून पाणीसाठा वाढेल आणि तो शेतात पसरवला जाईल. संस्थेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांना मार्गदर्शन करतील व त्यांच्या खर्चाने वाहतूक होईल. ग्रामपंचायतीने देखभाल समिती नेमली असून ती दरवर्षी आपल्या निधीतून सांडव्याची दुरुस्ती करेल. यामुळे दोन वर्षांत त्यांचे उत्पन्न वाढेल.’

पहिल्या वाक्यात ‘बांधलेल्या’ हे विशेषण तलावाचं आहे, पण ते चिकटलं आहे गावाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराची कामं म्हणून राज्यात ठिकठिकाणी पाझर तलाव बांधले गेले, हे ठाऊक असलेला वाचक चुकणार नाही. ठाऊक नसलेल्याला मात्र वाटेल की गावच तेव्हा वसवलं, कदाचित हे पुनर्वसित गाव असेल. मराठीत हा घोटाळा होण्याचं कारण अगदी साधं आहे. ‘गावाच्या तलावात’ या पदबंधात गाव आणि तलाव या दोहोंना विशेषणाचं एकच रूप चालतं: बांधलेल्या गावाच्या, बांधलेल्या तलावात. रूपावरून फरक कळत नाही, म्हणून वाचणारा जवळचं नाम धरतो. विशेषण त्याच्या नामाशेजारी नेलं की प्रश्न सुटतो: ‘गावाच्या, १९७२ च्या दुष्काळात बांधलेल्या पाझर तलावात’. त्याहून बरं म्हणजे त्याचं स्वतंत्र वाक्य करावं.

दुसऱ्या वाक्यात हीच चूक जास्त बोचते. ‘पडीक राहणाऱ्या महिला’ असं वाचलं जातं. जमिनी पडीक आहेत, पण ‘राहणाऱ्या’ हे रूप महिलांनाही लागू पडतं आणि महिला आधी येतात. ज्यांच्यासाठी प्रकल्प मांडला आहे त्यांच्याबद्दल असं वाक्य त्यांच्याच संस्थेच्या कागदावर असू नये, असं मला मनापासून वाटतं. ‘महिला शेतकऱ्यांच्या जमिनी रब्बी हंगामात पडीक राहतात’ असं सरळ विधान केलं की विशेषणाचा प्रश्नच उरत नाही. माझ्या अनुभवात नामाआधी चार-पाच शब्दांचं लांब विशेषण आणि मधे ‘-च्या’चं नाम अशी रचना दिसली की नव्वद टक्के वेळा उपाय हाच असतो: विशेषणाचं क्रियापद करा.

त्याच वाक्यात ‘सर्वेक्षण करताना’ आहे. सर्वेक्षण कोणी केलं? वाक्यात कर्त्याच्या जागी आहेत ‘जमिनी’. जमिनी सर्वेक्षण करत नाहीत, तेव्हा वाचणारा म्हणतो की संस्थेने केलं असेल. पण तलाठ्याने केलं असेल, कृषी विभागाने केलं असेल, एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलं असेल. निधी देणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा असतो, कारण आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे त्यावर ठरतं.

आता ‘-ऊन’कडे येऊ, कारण मराठी सारांशांत कर्ता हरवतो तो मुख्यतः इथे. ‘जेवून तो झोपला’ म्हटलं की जेवणारा आणि झोपणारा एकच, हे आपल्याला शाळेत न शिकताही कळतं. ‘-ऊन’ असलेल्या क्रियेचा कर्ता वेगळा सांगितला नसेल, तर तो मुख्य क्रियापदाचा कर्ताच धरायचा, असा मराठीचा रिवाज आहे. ‘गाळ काढून पाणीसाठा वाढेल’ हे वाक्य अडतं ते यामुळे. काढणारा एक आणि वाढणारा दुसरा, आणि काढणाऱ्याचा वाक्यात पत्ताच नाही.

मात्र प्रत्येक ‘-ऊन’वर लाल रेघ मारू नये. पहिल्या वाक्यातलं ‘गाळ साचून त्याची क्षमता कमी झाली’ पाहा. साचणारा गाळ आणि कमी होणारी क्षमता हे दोन वेगळे कर्ते आहेत, तरी वाक्य निर्दोष आहे. ‘भिंत कोसळून तिघे जखमी’ हा वर्तमानपत्रातला मथळाही तसाच. दोन्हींत ‘-ऊन’च्या क्रियेने आपला कर्ता सोबत आणला आहे, आणि साचणं किंवा कोसळणं हे कोणी हेतूने केलेलं काम नाही, आपोआप घडलेलं कारण आहे. तपासायचं ते इतकंच: ही क्रिया कोणीतरी करावी लागते का, आणि करणारा याच वाक्यात दिसतो का? करावी लागते आणि दिसत नाही, तर वाक्य दुरुस्त करायचं.

दुरुस्तीच्या दोन वाटा आहेत आणि त्या सारख्या नाहीत. पहिली वाट म्हणजे ‘काढून’चं ‘काढल्याने’ करणं. ‘गाळ काढल्याने पाणीसाठा वाढेल’ हे व्याकरणात चोख बसतं, कारण ‘-ल्याने’ आणि ‘-ल्यावर’ यांना मुख्य वाक्याचा कर्ता लागत नाही. पण गाळ कोण काढणार हे अजूनही कळलेलं नाही. सारांशात म्हणून दुसरी वाट धरावी: ‘संस्था तलावातील ४,००० घनमीटर गाळ काढेल. त्यामुळे तलावात सुमारे ४० लाख लिटर जादा पाणी मावेल.’ एका घनमीटरमध्ये १,००० लिटर पाणी बसतं, त्यामुळे हा हिशेब कोणीही पडताळू शकतो. ‘पाणीसाठा वाढेल’ या गुळगुळीत शब्दांमागे लपलेला आकडा कर्ता शोधताना आपसूक वर येतो, हे मी अनेक प्रस्तावांत पाहिलं आहे.

‘गाळ काढण्यात येईल’ हा सरकारी कागदांतून आलेला प्रयोगही इथे मदत करत नाही. व्याकरण बिघडत नाही, पण कर्ता पडद्याआड जातो. संस्था, कंत्राटदार, ग्रामपंचायत की जिल्हा परिषद? अंदाजपत्रकात यंत्राच्या भाड्याची ओळ असते. ती कोणाच्या नावावर आहे हे सारांशातल्या कर्त्याशी जुळलं पाहिजे.

सर्वनामांच्या बाबतीत मराठीची तऱ्हा निराळी आहे. आपल्याकडे नामांना लिंग आहे, आणि ते लिहिणाऱ्याला साथही देतं आणि दगाही. गाळ, तलाव, पाणीसाठा, शेतकरी, प्रकल्प, निधी हे सगळे ‘तो’. संस्था, समिती, ग्रामपंचायत, जमीन, क्षमता, वाहतूक या सगळ्या ‘ती’. गाळाच्या प्रस्तावात ‘तो’ लिहिला की अर्धा डझन उमेदवार उभे राहतात, आणि ‘तो’ सर्वांत जवळच्या पुल्लिंगी नामाकडे ओढला जातो. म्हणूनच आपल्या वाक्यात पाणीसाठा शेतात पसरला.

अनेकवचनात तर लिंगाचाही आधार सुटतो. ‘त्यांच्या’ हे रूप पुरुषांना, स्त्रियांना, वस्तूंना आणि आदराने उल्लेखलेल्या एका माणसालाही चालतं. ‘संस्थेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांना मार्गदर्शन करतील व त्यांच्या खर्चाने वाहतूक होईल.’ कोणाच्या? गाळाच्या कामांत नेहमीची पद्धत अशी की तलावातून गाळ उपसण्याचा खर्च प्रकल्प करतो आणि तो शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकरी. ४,००० घनमीटर म्हणजे सुमारे १,४०० ब्रास गाळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अंदाजे एक ब्रास धरला तरी चौदाशे खेपा झाल्या. ही रक्कम शेतकऱ्यांचा वाटा म्हणून दाखवली तर प्रस्ताव भक्कम दिसतो. संस्थेचा खर्च म्हणून वाचली गेली तर तपासणारा अंदाजपत्रकात वाहतुकीची ओळ शोधतो. ती सापडत नाही, आणि पानाच्या कडेला प्रश्नचिन्ह पडतं. ‘त्यांच्या खर्चाने’ऐवजी ‘शेतकरी स्वखर्चाने गाळ आपापल्या शेतात नेतील’ असं लिहिलं असतं तर एकही शब्द वाया गेला नसता. ‘स्वखर्चाने’ आणि ‘आपापल्या’ हे शब्द वाक्याच्या कर्त्यालाच धरून राहतात, दुसरीकडे जात नाहीत.

‘आपला’ मात्र जपून वापरावा, आणि निधीच्या प्रस्तावात तर अधिकच. ‘समिती आपल्या निधीतून दुरुस्ती करेल’ हे एरवी स्पष्ट वाक्य आहे: आपल्या म्हणजे समितीच्या. पण प्रस्तावासोबतच्या पत्रात आपण देणगीदाराला आदराने ‘आपण’ म्हणतो. ‘आपल्या संस्थेकडून मदत मिळावी’, ‘आपल्या निधीतून’ अशी वाक्यं वाचून झाल्यावर तो सारांशाकडे येतो. तिथे पुन्हा ‘आपल्या निधीतून’ दिसलं तर तो स्वतःचा निधी समजेल. म्हणजे गावाने उचललेली जबाबदारी त्याला दरवर्षीची नवी मागणी वाटेल. यावर ‘समितीच्या स्वतःच्या निधीतून’ हा उतारा आहेच. त्याहून पक्कं म्हणजे तो निधी कुठून येतो ते लिहिणं: ‘लाभार्थी शेतकऱ्यांच्या वार्षिक वर्गणीतून’.

त्याच वाक्यातलं ‘ती’ ग्रामपंचायत की समिती? दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही दुरुस्ती करू शकतील अशा. प्रकल्प संपल्यावर काम कोण सांभाळणार, हा प्रश्न निधी देणारे हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर इथे एका दोन अर्थांच्या ‘ती’वर टांगलेलं आहे. नाम पुन्हा लिहिणं हा सरळ उपाय. दुसरा उपाय मराठीच्या लिंगव्यवस्थेतूनच मिळतो. समितीला सुरुवातीपासून ‘देखभाल मंडळ’ म्हटलं तर ती ‘ते’ होते, ग्रामपंचायत ‘ती’ राहते, आणि दोघींची गल्लत होत नाही. मात्र नाव एकदा ठरलं की बदलू नये. एका वाक्यात मंडळ, दुसऱ्यात समिती, तिसऱ्यात गट असं शैलीच्या हौसेने केलं तर वाचणारा तीन वेगळ्या संस्था मोजेल.

शेवटच्या वाक्यात ‘यामुळे’ आहे. कशामुळे? सांडव्याच्या दुरुस्तीमुळे, समिती नेमल्यामुळे, मार्गदर्शनामुळे की एकूण प्रकल्पामुळे? ‘हे’, ‘यामुळे’, ‘यातून’ ही सर्वनामं एखाद्या नामाकडे न जाता अख्ख्या मागच्या मजकुराकडे बोट दाखवतात, आणि मागे चार गोष्टी असतील तर ते बोट चौघांवर पडतं. त्याच्या पाठीला एक नाम लावलं की पुरतं: ‘या गाळामुळे’, ‘या जादा पाण्यामुळे’. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘संबंधित’ यांनाही सर्वनामांच्याच रांगेत उभं करावं. ‘सदर बाब’ लिहिल्याने कागद वजनदार वाटतो, पण बाब कोणती ते वाचणाऱ्यालाच शोधावं लागतं.

सारांश पुष्कळदा एकटाच फिरतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांत सामाजिक खर्चाचे प्रस्ताव संचालकांपुढे जातात, तेव्हा बैठकीच्या टिपणात अनेकदा एवढा एक परिच्छेदच उचलून ठेवलेला असतो. शीर्षक नाही, ‘समस्या’ हे प्रकरण नाही. ‘या गावातील’ असं सुरू होणारं वाक्य तिथे निराधार होतं. कधी सारांशाचं इंग्रजीही केलं जातं. कर्तरी वाक्याला इंग्रजीत कर्ता द्यावाच लागतो, तेव्हा जिथे मराठीत तो नाही तिथे भाषांतर करणारा आपल्या समजुतीने एक बसवतो. तिथून पुढे प्रस्तावाची दोन रूपं होतात, एक गावाला माहीत असलेलं आणि एक देणगीदाराने मंजूर केलेलं.

प्रत्यक्ष तपासणीला अर्धा तास पुरतो. सारांश कागदावर छापून घ्यावा. आधी प्रत्येक ‘-ऊन’, ‘-ताना’ आणि ‘-ण्यात येईल’ अधोरेखित करून शेजारी ‘कोणी?’चं उत्तर लिहावं. उत्तर त्याच वाक्यातून मिळालं तरच ते धरायचं, डोक्यातून मिळालेलं नाही. मग प्रत्येक सर्वनामाभोवती गोल करून त्याच्या नामापर्यंत रेघ ओढावी. रेघ ओढताना वाटेत त्याच लिंगाचं, त्याच वचनाचं आणि त्या जागी अर्थानेही बसणारं दुसरं नाम लागलं, तर सर्वनाम खोडून नाम लिहावं. वाटेत काही लागलं नाही तर सर्वनाम तसंच राहू द्यावं. सगळीकडे नामं ठोकून भरलेला सारांश वाचायला कंटाळवाणा होतो आणि शब्दमर्यादाही ओलांडतो. हे काम लिहिणाऱ्याने एकट्याने करू नये, कारण त्याला सगळ्या कर्त्यांची नावं आधीच पाठ असतात. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी एकदा वाचायला देऊन तीन प्रश्न विचारावेत: काम कोण करणार, कोणाच्या पैशांनी, आणि पुढे कोण सांभाळणार. वाचणारा उत्तरापूर्वी पुन्हा कागदाकडे पाहू लागला, तर तो ज्या ओळीवर थांबतो तिथेच दोष असतो.

या तपासणीनंतर आपला नमुना असा होतो:

‘गावाचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात बांधला गेला. गाळ साचून त्याची साठवणक्षमता कमी झाली आहे. संस्थेने केलेल्या सर्वेक्षणात असे आढळले की, तलावाखालच्या विहिरी लवकर आटतात आणि महिला शेतकऱ्यांच्या जमिनी रब्बी हंगामात पडीक राहतात. संस्था तलावातील ४,००० घनमीटर गाळ काढेल, त्यामुळे तलावात सुमारे ४० लाख लिटर जादा पाणी मावेल. शेतकरी हा गाळ स्वखर्चाने आपापल्या शेतात नेतील. १० सेंटिमीटरचा थर दिल्यास तो सुमारे १० एकरांना पुरेल. किती गाळ घालायचा याचे मार्गदर्शन संस्थेचे कार्यकर्ते माती परीक्षणाच्या आधारे करतील. ग्रामपंचायतीने नेमलेले देखभाल मंडळ दरवर्षी सांडव्याची दुरुस्ती करेल आणि त्याचा खर्च लाभार्थी शेतकऱ्यांच्या वार्षिक वर्गणीतून भागवेल. गाळ आणि जादा पाणी यांमुळे दोन वर्षांत या शेतकऱ्यांचे रब्बीचे उत्पन्न वाढणे अपेक्षित आहे.’

मजकूर वाढला, पण वाढलेल्या शब्दांपैकी बहुतेक कर्ते आणि आकडे आहेत. ‘तो सुमारे १० एकरांना पुरेल’ इथे ‘तो’ राहू दिला आहे, कारण त्या जागी गाळ किंवा त्याचा थर यांपैकी काहीही धरलं तरी अर्थ एकच निघतो. सांडव्याच्या वाक्यातला ‘त्याचा’ कोणाला खटकला तर ‘या दुरुस्तीचा’ करावा. मी तो बदल करेन, कारण तिथे पैशांची गोष्ट आहे.

या दुरुस्तीत एक अडचण मात्र व्याकरणाने सुटत नाही. ‘त्यांच्या खर्चाने’ खोडून नाम लिहायला घेतलं की कधीकधी हात थांबतो, कारण वाहतुकीचा खर्च कोण करणार हे खरोखर ठरलेलंच नसतं. बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं की शेतकरी करतील, कोणी म्हणालं होतं की डिझेल संस्थेने द्यावं, आणि लिहिणाऱ्याने दोघांनाही सामावून घेणारं सर्वनाम निवडलं होतं. ‘ती दुरुस्ती करेल’ मागेही पुष्कळदा हेच असतं: समिती कागदावर नेमली आहे, वर्गणीचा ठराव झालेला नाही. अशा वेळी वाक्य चकचकीत करून पाठवू नये. सरपंचांना फोन करावा, लाभार्थ्यांची बैठक लावावी, दर खेपेला कोण किती देणार आणि वर्गणी एकरी किती हे ठरवून ठरावाची प्रत घ्यावी, आणि मग त्या जागी नाम लिहावं. मुदत त्याआधी संपत असेल तर सारांशात सरळ लिहावं, ‘वाहतूक खर्चाची वाटणी काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत ठरवली जाईल’, आणि अंदाजपत्रकात ती रक्कम वेगळ्या ओळीत दाखवावी.